एमआय की एलएल: 'कटिंग चहा' विरुद्ध 'होत आहे'

प्रश्न: मराठी बातम्यांचा साधारण 1 कोटी शब्दांचा कॉर्पस जमवलाय. मराठी शिकणाऱ्यांसाठी छोटा कोश करतोय, त्यात प्रत्येक शब्दाखाली त्याच्या नेहमीच्या जोड्या द्यायच्या आहेत. म्युच्युअल इन्फर्मेशनने यादी लावली तर वर कुणाकुणाची आडनावं आणि टायपो येतात. लॉग-लाइकलीहूडने लावली तर 'होत आहे', 'करण्यात आले'. नक्की कोणतं वापरू आणि कट-ऑफ किती ठेवू?

उत्तर:

थोडक्यात सांगायचं तर तुमच्या कोशासाठी यादी लॉग-लाइकलीहूडने, म्हणजे एलएलने लावा आणि म्युच्युअल इन्फर्मेशन, म्हणजे एमआय, चाळणी म्हणून वापरा. चाळणीचं भोक मात्र पुस्तकी 3 चं ठेवू नका, नाहीतर मराठीतल्या सगळ्यात कामाच्या जोड्या गळून जातील. मी हा मार खाल्लेला आहे, म्हणून जरा तपशिलात लिहिते.

एमआय जोडीचा घट्टपणा मोजतं. दोन शब्द एकमेकांशी काही संबंध नसताना जितक्या वेळा शेजारी आले असते, त्याच्या किती पट ते प्रत्यक्षात आले, त्या पटीचा लॉग म्हणजे एमआय. एलएल पुरावा मोजतं. हे शेजारी येणं निव्वळ योगायोग आहे असं मानलं, तर समोरचे आकडे त्या समजाला किती धक्का देतात, याचं ते माप आहे. घट्टपणा आणि पुरावा या वेगळ्या गोष्टी आहेत. आयुष्यात एकदाच भेटलेली दोन माणसं त्या एका भेटीत शंभर टक्के एकत्र असतात, पण त्यावरून त्यांची मैत्री आहे असं कुणी म्हणणार नाही.

आता आकडे. हिशेब सोपा व्हावा म्हणून मी ते गोल आणि मनाचे घेतलेत, तुमच्या कॉर्पसमध्ये वेगळे येतील. एकूण शब्द 1 कोटी, आणि जोडी म्हणजे लागोपाठचे दोन शब्द. 'कटिंग' 400 वेळा, 'चहा' 2,000 वेळा, दोघं एकत्र 120 वेळा. संबंध नसता तर एकत्र किती वेळा आले असते? 400 × 2,000 भागिले 1 कोटी, म्हणजे 0.08. प्रत्यक्ष 120 भागिले अपेक्षित 0.08 म्हणजे 1,500 पट, आणि 1,500 चा दोनाच्या पायावरचा लॉग 10.55. हे झालं एमआय. एलएलसाठी फक्त हा एक खण पुरत नाही. 'कटिंग' आहे पण 'चहा' नाही, 'चहा' आहे पण 'कटिंग' नाही, आणि दोन्ही नाहीत, असे चारही खण लागतात. हाताने करण्यापेक्षा एवढं पुरे:

```python
from math import log, log2

def scores(o11, f1, f2, n):
    o = [o11, f1-o11, f2-o11, n-f1-f2+o11]
    e = [f1*f2/n, f1*(n-f2)/n, (n-f1)*f2/n, (n-f1)*(n-f2)/n]
    mi = log2(o11 / e[0])
    ll = 2 * sum(a*log(a/b) for a, b in zip(o, e) if a > 0)
    return mi, (ll if o11 > e[0] else -ll)
```

शेवटच्या ओळीतलं वजा चिन्ह मुद्दाम घातलंय, त्याकडे येतेच. याच फंक्शनमधून काढलेल्या पाच जोड्या, एलएल मात्र तूर्त ते वजा चिन्ह न लावता:

| जोडी | पहिला शब्द | दुसरा शब्द | एकत्र | एमआय | एलएल |
|---|---|---|---|---|---|
| कटिंग चहा | 400 | 2,000 | 120 | 10.55 | 1,563 |
| वाटाण्याच्या अक्षता | 30 | 90 | 22 | 16.3 | 482 |
| होत आहे | 20,000 | 1,50,000 | 4,000 | 3.7 | 14,160 |
| आणि आहे | 2,00,000 | 1,50,000 | 40 | −6.2 | 5,680 |
| (एक टायपो) (दुसरा टायपो) | 1 | 1 | 1 | 23.25 | 34 |

शेवटच्या ओळीत तुमच्या आडनावांचं कोडं आहे. दोन्ही शब्द कॉर्पसभर एकदाच आले आणि योगायोगाने शेजारी आले, तर त्यांचं एमआय थेट एकूण शब्दसंख्येचा लॉग होतं. 1 कोटीसाठी तो 23.25, आणि त्याच्या वर कुणीच जाऊ शकत नाही. म्हणजे नुसत्या एमआयने लावलेल्या यादीत पहिला नंबर कायम एकदाच आलेल्या कचऱ्याचा. निवडणुकीच्या काळातल्या बातम्या असतील तर उमेदवारांच्या नावांची रांगच लागते.

इथे बहुतेक जण म्हणतात की मग एलएल लावा, ते दुर्मीळ शब्दांवर भुलत नाही. अर्धंच खरं आहे. टायपोच्या जोडीचं एलएल पाहा: 34. आकडेशास्त्राच्या तक्त्यात हजारात एक चुकीच्या पातळीला 10.83 लागतात. म्हणजे एलएलच्या हिशेबानेही ही जोडी 'सिद्ध' झाली! कारण सरळ आहे. एक कोटी शब्दांत एकदाच येणारे दोन ठरावीक शब्द नेमके शेजारी यावेत, ही गोष्ट खरंच अतिशय दुर्मीळ आहे. पण अशा लाखो एकट्या शब्दांपैकी प्रत्येकाचा कुणी ना कुणी शेजारी असतोच, आणि तो कधी कधी दुसरा एकटाच निघतो. एकेका जोडीची परीक्षा घेणारं माप हे पाहू शकत नाही. तेव्हा कमीत कमी किती वेळा जोडी आली पाहिजे ही अट दोन्ही मापांना लागतेच. केनेथ चर्च आणि पॅट्रिक हँक्स यांनी 1990 च्या ज्या लेखातून एमआय कोशकारांच्या हातात दिलं, त्यातच त्यांनी 5 किंवा कमी वेळा आलेल्या जोड्या बाजूला ठेवल्या होत्या. एमआय 3 च्या वर असेल तर जोडी सहसा रंजक निघते, हा ठोकताळाही तिथलाच. लोकांनी 3 उचलला आणि 5 विसरले.

आता 'आणि आहे'. ही जोडी योगायोगाने 3,000 वेळा यायला हवी होती, आली 40 वेळा. मराठीत 'आणि'च्या पाठोपाठ 'आहे' सहसा येतच नाही. एलएलला मात्र फरक फक्त मोठा दिसतो, कोणत्या बाजूचा ते दिसत नाही. एकमेकांना टाळणाऱ्या या शब्दांना 5,680 गुण मिळतात आणि ते 'कटिंग चहा'च्या वर जाऊन बसतात. टेड डनिंग यांनी 1993 मध्ये हे माप भाषेच्या कामासाठी सुचवलं ते दुर्मीळ घटनांचा हिशेब नीट व्हावा म्हणून. दिशा सांगणं हे त्याचं काम नव्हतंच. पायथनच्या एनएलटीके या लायब्ररीमधलं `likelihood_ratio` सुद्धा चिन्ह देत नाही. म्हणून माझ्या कोडमध्ये प्रत्यक्ष आकडा अपेक्षितपेक्षा कमी असला की गुण उणे होतात, आणि उणे ते सगळे बाद.

कट-ऑफबद्दल विचारलंत, तर एलएलच्या कट-ऑफचा मोठ्या कॉर्पसमध्ये जवळजवळ उपयोग नाही. कॉर्पस दुप्पट केला आणि सगळे आकडे दुप्पट झाले असं समजा. 'कटिंग चहा'चं एमआय 10.55 वरून हलणार नाही. एलएल मात्र 1,563 वरून 3,126 होईल, कारण एलएल शब्दसंख्येच्या पटीत वाढतं. गंमत म्हणजे एलएलला एकूण शब्दसंख्येच्या दुपटीने भागलं, तर चारही खणांवरची सरासरी म्युच्युअल इन्फर्मेशनच हातात येते, फक्त नैसर्गिक लॉगमध्ये. दोघं एकाच घरातले आहेत. एक फक्त पहिल्या खणाकडे बघतो, दुसरा चारही खण त्यांच्या वजनासकट बघतो. तर 10.83 ची रेघ ओढून फारसं काही गळत नाही, पाच वेळा आलेल्या कितीतरी जोड्या ती सहज ओलांडतात. एलएल क्रम लावायला वापरा, उंबरठा म्हणून नको.

तुमचा कोश शब्दवार आहे, ही मोठी सोय आहे. सगळ्या कॉर्पसच्या जोड्यांची एकच मोठी यादी करूच नका. कोशातला एक मुख्य शब्द घ्या आणि फक्त त्याचे सोबती मोजा. एक बाजू स्थिर झाली की दोन्ही मापं बरीच शहाण्यासारखी वागतात. 'निर्णय' घेऊ. मराठीत क्रियापद मागून येतं आणि मध्ये काहीतरी घुसतं ('निर्णय काल रात्री उशिरा घेतला'), म्हणून लागोपाठचा शब्द न बघता उजवीकडचे 4 शब्द बघायचे. इथे एक चूक हमखास होते. खिडकी 4 शब्दांची केली तर योगायोगाची संधीही चौपट झाली, म्हणून अपेक्षित आकडा चारने गुणायला हवा. नाही गुणला तर प्रत्येक एमआय बरोबर 2 ने फुगतं. वरच्या फंक्शनमध्ये `f1` च्या जागी `4*f1` दिलं की झालं.

समजा 'निर्णय' 8,000 वेळा आलाय. 'घेतला' एकूण 6,000 वेळा आणि त्यातला 'निर्णय'च्या खिडकीत 1,500 वेळा. 'फिरवला' एकूण 150, खिडकीत 35. 'आहे' एकूण 1,50,000, खिडकीत 700. एमआय अनुक्रमे 6.3, 6.2 आणि 0.5. एलएल 10,000 च्या वर, 240 आणि 90. आता बघा दोघांत कामाची वाटणी कशी होते. 'आहे'चं एलएल 90, म्हणजे सिद्धच, पण एमआय सांगतं की योगायोगाच्या दीडपटही नाही. ती जोडी कोशात नको. उरलेल्या दोघांत एमआयला फरक दिसत नाही, आणि घट्टपणापुरतं ते खरंच आहे, 'निर्णय फिरवला' हा अस्सल मराठी प्रयोग आहे. पण शिकणाऱ्याला आधी 'निर्णय घेणे' यायला हवं, 'फिरवणे' नंतर. तो क्रम एलएल देतं.

हे इतकं सुरळीत दिसतं म्हणून मी पहिल्यांदा इथेच थांबले होते, आणि एमआय 3 ची चाळणी लावून यादी पुढे पाठवली होती. दादरला आमच्या एका ज्येष्ठ संपादिका बाईंकडे छापील पानं नेली. त्यांनी 'मदत' काढलं, चष्मा वर सरकवला आणि विचारलं, "अगं, मदत 'करतात' की नाही तुमच्याकडे?" यादीत 'मदतीचा हात' होता, 'आर्थिक मदत' होती. 'मदत करणे' नव्हतं!

कारण असं. मी तोपर्यंत क्रियापदांची रूपं एकत्र केली होती, 'केली', 'करतो', 'करावी', 'करण्यात' सगळी 'कर'खाली. ते करायलाच हवं, नाहीतर एका जोडीचे वीस तुकडे होतात. पण मग 'कर' राक्षसासारखा मोठा होतो. पुन्हा गोल आकड्यांत: 'कर' 2,50,000 वेळा, 'मदत' 5,000 वेळा, खिडकीत एकत्र 1,800 वेळा. खिडकीसह अपेक्षित आकडा 500. एमआय 1.85, एलएल साधारण 2,100. पुराव्यात काही कमतरता नाही, पण एमआय 3 च्या दारातून आत येत नाही. आणि येणार तरी कसं? समजा प्रत्येक 'मदत'नंतर न चुकता एकदा 'कर' आला, म्हणजे 5,000 पैकी 5,000 वेळा. तेव्हाही पट होते फक्त 10, आणि 10 चा लॉग 3.32. ही 'कर'ची कमाल मर्यादा आहे. दुसरा शब्द जितका सामान्य, तितकं त्याच्या एमआयचं छत खाली. 'फिरवला'चं छत आभाळात आणि 'कर'चं डोक्याला टेकलेलं, आणि आपण दोघांना एकाच उंचीची उडी मारायला सांगतो.

मराठीत हा किरकोळ अपवाद नाही. नामाला कर, हो, दे, घे, ये, जा, लाग, पड, ठेव, काढ लावून आपण अर्ध्या क्रिया व्यक्त करतो. लक्ष देणे, राग येणे, वेळ काढणे, भूक लागणे. शिकणारा अडखळतो तो नेमका इथेच, कारण राग 'होत' का नाही हे त्याला कुणी सांगत नाही. या दहा-बारा क्रियापदांना मी आता वेगळी वागणूक देते. त्यांच्यासाठी एमआय 1 च्या वर असलं की पुरे, क्रम एलएलचा. बाकीच्या शब्दांसाठी 3 ठीक चालतो. दोन उंबरठे ठेवायचे नसतील तर सरसकट 1.5 ठेवा आणि थोडा कचरा हाताने काढा. शब्दवार यादीत पहिल्या वीस ओळीच बघायच्या असतात, फार वेळ जात नाही.

याउलट 'वाटाण्याच्या अक्षता', 'मदतीचा हात' अशा म्हणी आणि वाक्प्रचार वेगळे शोधायचे असतील तर उलटं करा. रूपं एकत्र करू नका, कारण वाक्प्रचाराचं रूपही ठरलेलं असतं. खिडकी न घेता लागोपाठचेच शब्द घ्या, किमान 5 वेळांची अट घाला आणि एमआयने उतरता क्रम लावा. वरच्या तक्त्यात 'अक्षता' एलएलच्या यादीत खूप खाली आहेत, एमआयच्या यादीत अट लावली की थेट वर येतात.

मोजण्याआधीची एक गोष्ट, कारण ती चुकली तर वरचं सगळं फुकट. पायथनच्या `re` मधला `\w` देवनागरी काना-मात्रा शब्दाचा भाग धरत नाही. `re.findall(r'\w+', 'मराठी')` चालवून बघा, `['मर', 'ठ']` मिळेल. मग 'मर ठ' हीच कॉर्पसमधली जबरदस्त जोडी ठरते, दोन्ही मापांनी. त्याऐवजी हे घ्या:

```python
re.findall(r'[\u0900-\u0963\u0966-\u097F\u200C\u200D]+', text)
```

सुट्या शब्दांची वारंवारतेनुसार यादी काढून पहिले दोनशे शब्द डोळ्यांखालून घाला. त्यात एकेकटं 'ठ' किंवा 'ळ' दिसलं तर इथेच गडबड आहे. तसंच 'पुढाऱ्यांनी' मधला अर्धा र दोन प्रकारे टाइप होतो. दिसायला सारखा, यंत्राला वेगळा. तो आधी एकाच प्रकारात आणा, नाहीतर एकाच शब्दाचे दोन शब्द होऊन दोघांची वारंवारता फुटते.

शेवटचं, आणि बातम्यांच्या कॉर्पसमध्ये हे दोन्ही मापांना अजिबात कळत नाही. दोन्ही मापं असं धरून चालतात की प्रत्येक वेळी जोडी नव्याने, स्वतंत्रपणे लिहिली गेली. मुंबईच्या बातम्या असतील तर तुमच्याकडे दर रविवारच्या मेगाब्लॉकची बातमी असणारच. अप आणि डाऊन, धीम्या मार्गावर, अमुक ते अमुक स्थानकांदरम्यान, अभियांत्रिकी आणि देखभालीची कामे. आठवड्याला एक साचा, तारीख आणि स्थानकं बदलून. वर्षाचे बावन्न रविवार आणि अनेक वृत्तपत्रं, की 'देखभालीची कामे' चं एमआयही चढतं आणि एलएलही. लिहिणारा मात्र मुळात एकच आहे.

म्हणून वेळा मोजण्यासोबत किती वेगवेगळ्या बातम्यांत जोडी आली तेही मोजा, आणि किमान 5 ची अट त्या आकड्यावर लावा. मेगाब्लॉकला तेवढ्याने आळा बसत नाही, कारण बातम्याही वेगवेगळ्याच असतात. त्यासाठी मी जोडीच्या डावी-उजवीकडचे पाच-पाच शब्द काढते. 100 पैकी 80 ठिकाणी शेजार तोच असेल तर तो साचा आहे, आणि त्या 80 चं मी 1 धरते. असं केल्यावर 'धीम्या मार्गावर' खाली घसरतं, आणि 'जलद लोकल' टिकते, कारण ती गर्दीच्या बातमीत येते, अपघाताच्या येते, वेळापत्रकाच्या येते, आणि कुणाच्या तरी मुलाखतीत सकाळी 8.40 ची पकडण्याच्या आठवणीतही येते.